पारा बत्तीसवरच, मग जीव का कासावीस?

मे महिन्यातली दुपार. नागपूरच्या मावशीचा दादरला राहणाऱ्या भाचीला फोन येतो.

"काय गं, उन्हाळा कसा आहे तुमच्याकडे?"

"मावशी, विचारू नकोस. जीव नकोसा झालाय. घामाने नुसती चिकचिक."

"किती आहे तापमान?"

"बत्तीस."

"बत्तीस? अगं, आमच्याकडे बेचाळीस आहे! बत्तीसला आम्ही गारवा म्हणतो."

हा संवाद दरवर्षी कित्येक घरांत होतो, आणि त्यात बहुधा मावशीच जिंकते, कारण तिच्याकडे मोठा आकडा असतो. गंमत अशी की हीच मावशी चार दिवसांसाठी मुंबईला आली की पहिल्याच संध्याकाळी पदराने वारा घेत म्हणते, "बाई गं, इथे श्वासच घेववत नाही." दोघीही खरं बोलत असतात. थर्मामीटर हवेचं तापमान मोजतो. आपलं शरीर मात्र वेगळंच काही मोजत असतं: आतली उष्णता बाहेर टाकणं आपल्याला जमतंय की नाही. या दोन मोजमापांच्या मध्ये येतं ते हवेतलं बाष्प, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं, वायुरूपातलं पाणी.

हे पाणी किती असतं, ते आधी पाहू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी एक खोली घ्या. तिच्यात सुमारे २८ घनमीटर हवा मावते. दादरच्या खोलीत तापमान ३२ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल, तर तिथल्या हवेत सुमारे ७०० ग्रॅम पाणी तरंगत असतं. म्हणजे पाऊण लिटरला जरासं कमी. नागपूरच्या तेवढ्याच खोलीत तापमान ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर पाणी भरतं जेमतेम पाव लिटर. दोन्ही खोल्यांत दिसत काहीच नाही. पण एका खोलीत दुसरीच्या जवळजवळ तिप्पट पाणी आहे.

टक्के कशाचे?

बातम्यांत "आज आर्द्रता ७५ टक्के" असं सांगतात, तेव्हा पुष्कळांना वाटतं की हवेचा पाऊण भाग पाणीच झाला. तसं असतं तर आपण बुडालो असतो. ही 'सापेक्ष' आर्द्रता आहे, आणि सगळी मेख त्या 'सापेक्ष' शब्दातच आहे.

एका बंद बरणीत थोडं पाणी ठेवलंय असं समजा. पाण्याचे काही रेणू सतत पृष्ठभागावरून निसटून वर हवेत जातात आणि हवेतले काही रेणू पाण्यात परत येतात. सुरुवातीला जाणारे जास्त आणि येणारे कमी असतात. हळूहळू वर गर्दी वाढते, परतणारे वाढतात आणि एक वेळ अशी येते की जेवढे जातात तेवढेच येतात. ही झाली १०० टक्के सापेक्ष आर्द्रता. यापुढे पाणी आटत नाही. पाणी गरम केलं तर रेणू जास्त जोराने निसटतात, म्हणून हा समतोल साधायला वर आणखी मोठी गर्दी लागते. "गरम हवेत जास्त पाणी मावतं" असं आपण बोलतो, ते बोलण्यापुरतं ठीक आहे. पण हवा काही स्पंज नव्हे. ठरवतं ते तापमान.

आकड्यांत सांगायचं तर २० अंशांना एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त १७ ग्रॅम बाष्प राहू शकतं, ३० अंशांना ३० ग्रॅम आणि ४० अंशांना ५१ ग्रॅम. दर दहा अंशांना ही मर्यादा सुमारे पावणेदोन पट होत जाते. त्या त्या तापमानाला जेवढं बाष्प राहू शकतं, त्यातलं प्रत्यक्षात किती टक्के आहे, हे सापेक्ष आर्द्रता सांगते. पेला किती भरलाय ते सांगते, पण पेला केवढा आहे ते सांगत नाही. आणि तापमान बदललं की हा पेलाच लहानमोठा होतो.

यातून होणारा घोटाळा पाहण्यासारखा आहे. जानेवारीतल्या दिल्लीची एक सकाळ घ्या. तापमान ८ अंश, दाट धुकं, आर्द्रता १०० टक्के. त्या हवेत घनमीटरला सव्वाआठ ग्रॅमच्या आसपास बाष्प असतं. आता आपल्या मावशीची नागपूरची दुपार घ्या: ४२ अंश, आर्द्रता फक्त १५ टक्के. तिथे बाष्प भरतं साडेआठ ग्रॅमच्या जवळपास. म्हणजे 'शंभर टक्के दमट' दिल्लीपेक्षा 'रखरखीत कोरड्या' नागपूरच्या हवेत बाष्प किंचित जास्तच!

आता एकाच शहरातला एकच दिवस पाहू. मुंबईत सकाळी २६ अंश असताना आर्द्रता ९४ टक्के आहे. दुपारी पारा ३२ वर जातो आणि आर्द्रता ६७ टक्क्यांवर येते. आकडा पाहून वाटेल की चला, हवा कोरडी झाली. प्रत्यक्षात हवेतल्या पाण्याचा एक थेंबही कुठे गेलेला नाही. पेला मोठा झाला, एवढंच. म्हणूनच भारतीय हवामान विभागाच्या नोंदींत आर्द्रता सकाळी साडेआठची आणि संध्याकाळी साडेपाचची अशी वेगवेगळी दिलेली असते. सकाळचा टक्का आणि दुपारचं तापमान एकत्र करून कुणी "आज ३४ अंश आणि ९४ टक्के" असा संदेश फिरवला, तर तो खुशाल पुसून टाका. तशी हवा मुंबईत त्या दिवशी नव्हतीच.

स्टीलचा पेला आणि बर्फाचे खडे

टक्क्यांचा हा लपंडाव टाळायचा असेल तर दुसरा आकडा बघावा. तो म्हणजे दवबिंदू. हवेतलं बाष्प तेवढंच ठेवून हवा थंड करत गेलं, तर ज्या तापमानाला ती १०० टक्क्यांवर पोचते आणि पाणी सुटू लागतं, ते तापमान म्हणजे दवबिंदू.

फ्रिजमधली बाटली बाहेर काढली की तिला 'घाम' फुटतो. ते पाणी बाटलीतून झिरपलेलं नसतं, ते खोलीतल्या हवेतलं असतं. बाटलीला चिकटलेली हवा दवबिंदूखाली गेली, म्हणून तिने ते सोडलं. हाच प्रकार सावकाश केला तर दवबिंदू घरीच मोजता येतो. मुलांना सुट्टीत करायला हा प्रयोग छान आहे. चकचकीत स्टीलचा पेला घ्या, त्यात साधं पाणी अर्ध्यापर्यंत भरा आणि एक थर्मामीटर बुडवा. तापमापी शाळेच्या प्रयोगशाळेत असते तशी हवी, तापाची नको, कारण ती एवढं खाली मोजत नाही. मग बर्फाचा एकेक छोटा खडा टाकून ढवळत राहा आणि नजर पेल्याच्या बाहेरच्या बाजूवर ठेवा. ज्या क्षणी चकाकी जाऊन पुसट वाफारा दिसेल, त्या क्षणीचं पाण्याचं तापमान लिहून घ्या. मग बर्फ थांबवा, पाणी आपसूक गरम होऊ द्या आणि वाफारा नाहीसा होतानाचं तापमान लिहा. दोन्हींची सरासरी म्हणजे तुमच्या खोलीचा दवबिंदू. पेल्याच्या अगदी जवळ तोंड नेऊ नका. उच्छ्वासातल्या बाष्पाने पेला आधीच धुरकटतो आणि उत्तर चुकतं. या प्रयोगात बहुतेकांची फसगत तिथेच होते. १८२० साली जॉन फ्रेडरिक डॅनिएल या इंग्रज शास्त्रज्ञाने दवबिंदू मोजायचं जे उपकरण तयार केलं, त्याचं तत्त्व हेच होतं. फक्त थंडाव्यासाठी त्याने बर्फाऐवजी ईथर वापरलं.

दादरच्या त्या दुपारी, ३२ अंश आणि ७५ टक्के असताना, हे उत्तर येईल २७ अंशांच्या आसपास. म्हणजे बर्फाचे दोन-चार खडे टाकताच पेला धुरकटेल. नागपूरला उत्तर येईल सुमारे १०. तिथे पाणी चांगलं थंडगार झालं तरी पेला कोरडा ठणठणीत राहील.

दवबिंदूचा मोठा गुण असा की ऊन चढलं-उतरलं म्हणून तो बदलत नाही. हवेत बाष्प वाढलं तर वाढतो, कमी झालं तर उतरतो. मघाच्या मुंबईच्या उदाहरणात सकाळी ९४ टक्के आणि दुपारी ६७ टक्के होते, पण दवबिंदू दोन्ही वेळा २५ च होता. तुमच्या फोनवरच्या हवामानाच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये हा आकडा असतो, थोडं खाली सरकवून पाहावं लागतं इतकंच. नसेल तर एक सोपा आडाखा आहे. १०० मधून आर्द्रतेचे टक्के वजा करा, आलेल्या संख्येला ५ ने भागा आणि ते उत्तर तापमानातून वजा करा. १०० वजा ७५ म्हणजे २५, भागिले ५ म्हणजे ५, आणि ३२ वजा ५ म्हणजे २७. जमलं! पण आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की हा आडाखा पार कोलमडतो. नागपूरच्या ४२ अंश आणि १५ टक्क्यांना तो २५ असं उत्तर देतो, आणि खरं उत्तर आहे १०.

दवबिंदू १५ च्या आसपास किंवा खाली असला तर हवा मोकळी, हलकी वाटते. विशीच्या वर गेला की चिकटपणा जाणवू लागतो, आणि २४-२५ च्या पुढे बसल्याजागी घाम येतो. या काही सरकारी रेषा नाहीत. चेन्नईत किंवा कोलकात्यात वर्षानुवर्षं राहिलेला माणूस २४ ला तक्रारही करत नाही आणि तिथे नव्याने बदलून गेलेला पुणेकर पहिल्याच आठवड्यात टॉवेल खांद्यावर टाकून फिरतो.

घाम वाळला तरच थंडावा

आता मुख्य प्रश्न. हवेत पाणी जास्त असलं तर आपल्याला गरम का व्हावं?

आपलं शरीर ही एक सतत जळणारी शेगडी आहे. नुसतं बसून राहिलं तरी मोठ्या माणसाच्या शरीरातून सुमारे १०० वॉट उष्णता तयार होते, जुन्या पिवळ्या बल्बइतकी. ती बाहेर गेली नाही तर शरीराचं तापमान चढत जाईल. हवा थंड असते तेव्हा त्वचेवरून ती आपसूक निघून जाते. पण उन्हाळ्यात त्वचेचं तापमान असतं ३५ अंशांच्या आसपास, आणि हवाही ३२ ची असली तर फरक उरतो फक्त तीन अंशांचा. एवढ्याने भागत नाही. मग शरीर घाम सोडतं.

घाम आल्याने थंडावा मिळत नाही, तो वाळल्याने मिळतो. एक ग्रॅम घामाची वाफ होताना तो त्वचेतून सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. हिशेब केला तर बसलेल्या माणसाची सगळी १०० वॉट उष्णता वाहून न्यायला तासाला साधारण दीडशे ग्रॅम घाम वाळला तरी पुरतो. हनुवटीवरून टपकणारा, शर्ट भिजवून बेंबीपर्यंत ओघळणारा घाम मात्र या हिशेबात धरता येत नाही. त्याने पाणी गेलं, मीठ गेलं, थंडावा मिळाला नाही.

आणि घाम वाळेल की टपकेल हे ठरतं त्वचा आणि हवा यांच्यातल्या बाष्पाच्या फरकावर. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेला अगदी लगटून असलेल्या हवेत घनमीटरला सुमारे ४० ग्रॅम बाष्प असतं. दादरच्या हवेत आधीच २५ आहे, म्हणजे फरक १५ चा. नागपूरच्या हवेत साडेआठ आहे, म्हणजे फरक साडेएकतीसचा. त्यामुळे तेवढ्याच वाऱ्यात नागपूरला घाम दुपटीहून वेगाने वाळतो. मुंबईत शरीर काम तेच करतंय, घामही भरपूर गाळतंय, पण त्याला गिऱ्हाईक नाही. म्हणून ते आणखी घाम सोडतं, हृदय त्वचेकडे आणखी रक्त ढकलतं आणि आपल्याला वाटतं जीव घाबरा होतोय.

दवबिंदूच ३५ झाला तर? मग फरक शून्य, आणि त्वचेवरचा घाम वाळणं जवळपास थांबेल. ही कल्पना वाटेल, पण सौदी अरेबियात आखाताच्या काठी असलेल्या धहरान येथे ८ जुलै २००३ रोजी दवबिंदू ३५ अंश नोंदवला गेला आहे. तिथे एका बाजूला वाळवंट आहे आणि दुसऱ्या बाजूला उथळ, तापलेला समुद्र.

पंख्याचं काम इथे नीट कळतं. पंखा हवा थंड करत नाही. त्वचेभोवती साचलेला दमट थर तो ढकलून देतो आणि त्या जागी खोलीतली जरा कमी दमट हवा आणतो. म्हणून बंद खोलीत माणूस नसताना पंखा चालू ठेवून खोली गार होत नाही, विजेचं बिल मात्र होतं.

जाता जाता एक. दमट दिवशी आपण म्हणतो, हवा जड झालीय. प्रत्यक्षात त्याच तापमानाची कोरडी हवा जड असते आणि दमट हवा हलकी, कारण पाण्याचा रेणू हा नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका असतो आणि तो त्यांची जागा घेतो. जड होतो तो आपला जीव.

'जाणवणारं' तापमान

१९७९ मध्ये रॉबर्ट स्टेडमन या संशोधकाने एक प्रश्न घेतला: अमुक तापमान आणि अमुक आर्द्रता असताना माणसाला जेवढा उकाडा होतो, तेवढाच उकाडा साधारण कोरड्या हवेत किती तापमानाला होईल? शरीरातली उष्णता, कपडे, घाम, वारा असं सगळं धरून त्याने गणित मांडलं. त्यावरूनच अमेरिकेच्या हवामान खात्याचा 'हीट इंडेक्स', म्हणजे उष्मा निर्देशांक, आला. भारतीय हवामान विभागानेही २०२३ पासून प्रायोगिक तत्त्वावर असा निर्देशांक द्यायला सुरुवात केली. फोनवर ३२ च्या खाली बारीक अक्षरात 'जाणवतं ४३' असं दिसतं, ते याच घराण्यातलं. फक्त प्रत्येक अ‍ॅपचं सूत्र थोडं वेगळं असतं, म्हणून दोन फोनवर दोन आकडे दिसले तर भांडू नका.

अमेरिकी सूत्रात आपले आकडे घातले तर दादरचं ३२ अंश, ७५ टक्के हे जाणवतं सुमारे ४३. नागपूरचं ४२ अंश, १५ टक्के जाणवतं चाळीस-एकेचाळीस. भाची जिंकली! जुलैतला एखादा पावसाळी, वाराच पडलेला दिवस घ्या: २८ अंश आणि ९० टक्के. आकडा किती सौम्य, पण जाणवतात ३३-३४ अंश.

पण भाचीने फार खूश होऊ नये. हा निर्देशांक सावलीत, हलक्या वाऱ्यात असलेल्या माणसासाठी आहे. भर उन्हात त्यात आठेक अंशांपर्यंत भर पडू शकते, आणि ती नागपूरच्या उन्हात पडतेच. शिवाय ४२ अंशांची हवा त्वचेपेक्षा गरम असते. ती उष्णता घेऊन जात नाही, उलट अंगात ओतते. तिथला घाम इतक्या लवकर वाळतो की तो आलेला कळतही नाही. कपडे कोरडे, कपाळ कोरडं, आणि शरीरातलं पाणी मात्र तासातासाला कमी होत असतं. मुंबईचा उकाडा ओरडून सांगतो, नागपूरचा गुपचूप वार करतो.

किनाऱ्यावरच्या मध्यम आकड्याला हलकं समजू नये, हे हवामान विभागाच्या नियमांतही दिसतं. उष्णतेची लाट विचारात घ्यायला मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असावं लागतं, पण किनारपट्टीला ३७ च पुरे असतं. (दोन्हीकडे ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त हवं.) १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर एका सरकारी पुरस्कार सोहळ्यासाठी लाखो माणसं डोक्यावर छप्पर नसताना तासन्‌तास बसली होती. तापमान होतं ३८ च्या आसपास. चंद्रपूर-अकोल्याच्या माणसाला हा आकडा एप्रिलमध्ये किरकोळ वाटेल. त्या उष्माघाताने १४ जणांचा बळी घेतला. ऊन, गर्दी, पाणी, वय अशी कारणं एकात एक गुंतलेली असतात, पण खाडीकाठच्या हवेत घामाला वाळायला वाव कमी होता, हे त्यातलं एक होतंच.

अशा दमट दिवशी कुणी घामाने निथळतंय म्हणजे शरीर थंड होतंय, असं समजू नका. माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला, अंग भाजल्यासारखं गरम लागलं, तर तो थकवा नसतो. त्याला लगेच सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून जोराचा वारा घाला आणि वेळ न दवडता दवाखाना गाठा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

कूलर तिकडे चालतो, इकडे का नाही?

नागपूरहून मुंबईला बदली झालेल्या कित्येकांनी सामानाबरोबर आपला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आणलेला असतो, आणि पहिल्याच मेमध्ये तो माळ्यावर जातो. कूलर काय करतो? ओल्या ताट्यांतून हवा खेचतो, ताट्यांतलं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं आणि गार हवा आत येते. घामाचंच तत्त्व. त्यामुळे त्याची मर्यादाही घामाचीच. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळून पंख्यासमोर धरलं तर तो जिथे खाली येऊन थांबतो, त्याच्या खाली कूलर कधीच जाऊ शकत नाही. नागपूरच्या त्या दुपारी हा ओला थर्मामीटर २२ वर थांबेल. चांगला कूलर त्या वाटेवर ऐंशी टक्के अंतर कापतो असं धरलं, तर ४२ ची हवा २६ ची होऊन येते. केवढं सुख! दादरला ओला थर्मामीटर २८ वरच अडतो. कूलरमधून हवा येईल २९ ची, आणि तीही आणखी दमट होऊन. म्हणजे तीन अंश मिळवले आणि घाम वाळायचा उरलासुरला मार्गही बुजवला. मुंबईच्या माठातलं पाणी नागपूरच्या माठाइतकं गार का होत नाही, याचं उत्तरही हेच.

एसीचं काम उलट्या दिशेने चालतं. त्याच्या आतली थंड जाळी दवबिंदूपेक्षा बरीच खाली असते, म्हणून हवा तिथून जाताना पाणी सोडते. मागच्या नळीतून टपकतं ते हेच, बर्फाच्या पेल्यावरचंच पाणी, फक्त बादलीभर. म्हणून दमट दिवशी एसी २६-२७ वर ठेवूनही बरं वाटतं आणि १८ वर न्यायची गरज पडत नाही. पावसाळ्यात तापमान फार नसतानाही अंग चिकचिकत असेल तर रिमोटवरचा 'ड्राय' पर्याय वापरून पाहा. त्याचा भर पाणी काढण्यावर असतो.

रात्री का असह्य होतात, तेही दवबिंदू सांगतो. रात्री हवा निवत जाते, पण दवबिंदूपाशी पोचली की बाष्पाचं पाणी होऊ लागतं आणि त्या वेळी तीच लपलेली उष्णता पुन्हा बाहेर येते. त्यामुळे किमान तापमान दवबिंदूच्या फारसं खाली उतरत नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा दुपारच्या ४२ वरून पहाटेपर्यंत चौदाएक अंश खाली येतो. मुंबईचा ३३ वरून येतो २७ पर्यंत, फक्त सहा अंश. समुद्र तर यात आहेच, पण दवबिंदूचा हा अदृश्य टेकूही आहे. संध्याकाळी फोनवर दवबिंदू २६ दिसला, तर पहाटे पंचविशीच्या खाली काही मिळणार नाही हे झोपायच्या आधीच समजून घ्यावं आणि पलंग खिडकीपाशी ओढावा.

आणि पावसाळ्यात खोलीत दोरी बांधून कपडे वाळत घालणार असाल तर एक हिशेब. मघाच्याच दहा बाय दहाच्या खोलीत, ३२ अंशांना, हवेत आणखी सुमारे अडीचशे ग्रॅम पाणी गेलं की आर्द्रता १०० टक्के होते. हाताने पिळलेल्या एका जाड टॉवेलमध्येच जवळपास तेवढं पाणी असतं. दारं-खिडक्या लावून घेतल्या तर तो टॉवेल वाळायचा थांबेल आणि त्या खोलीत झोपलेल्या माणसाचा घामही फार सावकाश वाळेल. एक खिडकी उघडी ठेवा आणि पंख्याचं तोंड कपड्यांकडे करा.